मदत हवी आहे: हाफ-प्लेन छेद – "रिकामं" म्हणतंय, पण उत्तर आहे!

रंकाळा_काठ (कोल्हापूर)
सगळ्या अटी `a*x + b*y <= c` रूपात आहेत. सुरुवातीला ±1000 चा चौकोन घेतो आणि एकेक अट लावून कापत जातो. p, q हे लागोपाठचे कोपरे, fp, fq म्हणजे तिथलं `a*x + b*y - c`, R नवी यादी:

```python
if fp <= 0: R.append(p)
if fp*fq < 0:
    t = fp/(fp-fq)
    R.append((p[0]+t*(q[0]-p[0]), p[1]+t*(q[1]-p[1])))
```

`x - 10000y <= 0` आणि `-x + 5000y <= -5000` या दोनच अटी दिल्या तर यादी रिकामी येते. पण (20000, 2.5) दोन्ही अटींत बसतो, हातानं तपासलंय. चुकतंय कुठं?

तांबडा_रस्सा
चौकोन लहान पडतोय राव. 1e9 कर, विषय संपला.

उसाचं_पाचट
माझं शेत एल आकाराचं आहे, त्यातून रस्ता वजा करायचाय. हाच कोड चालेल का?

पन्हाळा_बुरूज
@पाचट, इथला आकार आत वळलेला नसतो, तुमचा आहे. रस्ता वजा केल्यावर दोन तुकडेही पडू शकतात. वेगळा धागा काढा.

@रंकाळा, क्लिपिंग बरोबर आहे. दोन्ही रेषा (10000, 1) ला छेदतात आणि प्रदेश तिथूनच उजवीकडे सुरू होतो, म्हणजे सगळाच तुमच्या चौकोनाबाहेर. पण 1e9 अंदाजानं घालू नका. तिथं डबलच्या शेजारच्या दोन आकड्यांतच 1e-7 च्या आसपास अंतर असतं, मग 1e-9 च्या एप्सिलॉनला अर्थ काय राहिला?

सहगुणक पूर्णांक असतील तर माप हिशोबानं काढता येतं. a, b जास्तीत जास्त A आणि c जास्तीत जास्त C (चिन्ह सोडून), तर दोन रेषांच्या छेदनबिंदूच्या निर्देशांकाचा अंश 2AC पेक्षा मोठा होत नाही आणि भाजक किमान 1 असतो. म्हणून चौकोन ±(2AC+1) घ्या. तुमच्यासाठी A=10000, C=5000, म्हणजे ±100000001. एवढ्यात काही उरलं नाही तर प्रदेश खरंच रिकामा. चौकोनाच्या कडेवरचा एखादा बिंदू जरी उरला तर तो अमर्याद. दोन्ही बाजूंनी पक्कं. मात्र प्रत्येक कोपऱ्याला तो कुठल्या दोन रेषांचा याची खूण ठेवा. फ्लोटमध्ये निर्देशांक चौकोनाच्या मापाशी ताडून पाहिलंत तर राउंडिंगमध्ये फसाल.

आणि चौकोनाचे कोपरे `Fraction` मध्येच सुरू करा, नाहीतर `t` फ्लोट होतो. अपूर्णांकांचे भाजक फुगत जातील ही भीती नको, प्रत्येक कोपरा शेवटी मूळ दोन रेषांचाच असतो.

तांबडा_रस्सा
मग शेवटी क्षेत्रफळ शून्य आलं की रिकामं, एवढं बघितलं तरी झालं की.

पन्हाळा_बुरूज
नाही. `x <= 5` आणि `-x <= -5` दिलं की उभी रेघ उरते. क्षेत्रफळ शून्य, तरी उत्तरं आहेत. यादीची लांबी बघा. म्हणूनच वरच्या कोडमधलं `<=` महत्त्वाचं, `<` केलंत तर ही रेघ गायब होईल.

रंकाळा_काठ
±100000001 आणि `Fraction` घातलं, आता (10000, 1) चा कोपरा आला आणि चौकोनाच्या कडाही उरल्या. म्हणजे अमर्याद, बरोबर. पण माझ्या पुढच्या डेटात सहगुणक मोजमापातून आलेले दशांशात आहेत, तिथं?

पन्हाळा_बुरूज
तीन दशांश स्थळं असतील तर अख्खी अट 1000 नं गुणा. अमर्याद आहे का हे चौकोनाशिवायही कळतं: सगळे (a, b) बाण कोनानुसार लावा, लागोपाठच्या दोघांत कुठंही 180° किंवा जास्त फट असेल तर अमर्याद, पण प्रदेश रिकामा नसेल तरच. मोजमापातच चूक असेल आणि रेषा जवळजवळ समांतर असतील, तर "रिकामं" हे उत्तर कितपत धरायचं, ते मात्र डेटा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पाच-दहा ओळी टाका इथं.