प्रतिसाद: कानाच्या मुळाशी त्रिकोण एकमेकांवर चढतात

> "कोल्ह्याचं डोकं उलगडलं, पण कानाच्या मुळाशी त्रिकोण एकमेकांवर चढतायत. शिवण कुठे मारू?"

कागदी मॉडेल ब्लेंडरमध्ये सपाट उलगडताना शिवण म्हणजे जिथे काप पडणार ती कड. जिथे त्रिकोण चढतायत त्या बिंदूभोवतीच्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज करून बघा. नाकाच्या टोकाशी ती ३६० अंशांपेक्षा कमी भरते, म्हणून एका कापाने भागतं. कान डोक्याला मिळतो तिथे खोगिरासारखा बाक असतो. बेरीज समजा ४१० आली, तर कागदावर ५० अंश जास्तीचे होतात आणि एक काप देऊनही तुकडा स्वतःवरच चढतो. तिथे निदान दोन कडांना Mark Seam द्या. मी तर सरळ कानाच्या मुळाभोवती पूर्ण शिवण घेऊन कान वेगळाच काढतो. जोडही तिथे झाकला जातो.

२०० जीएसएमच्या कागदाला, गोंद लावून जोडण्यासाठी कडेला सोडायची पट्टी ६ मिमीची पुरते. टोकदार कोपऱ्यात मात्र ती निमुळती करा, नाहीतर आत शेजारच्या पट्टीला अडते.

तुकड्यांचे क्रमांक आपोआप पडलेले ठेवू नका. नाकाला १, मग गाल, कपाळ, कान, शेवटी मान, म्हणजे जोडणीच्याच क्रमाने. मान उघडी असल्याने शेवटच्या पट्टीपर्यंत आतून बोट पोचतं. कडांचे जोडक्रमांक वेगळे, ते पट्टीवर आणि समोरच्या कडेच्या मागच्या बाजूला लिहा.