सहारातलं गिटार संगीत: सुरुवात कुठून करू?

मृणाल_एस
तिनारिवेन बँडचा ‘तासिली’ अल्बम ऐकला. २०१२ साली त्याला ग्रॅमी मिळालं, त्यामुळे नाव कानावर होतं. आवडला, पण दोन-तीन गाण्यांनंतर सगळं एकसारखं वाटायला लागलं. नेमकं काय ऐकायचं ते कळत नाहीये. माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी?

विदर्भी_श्रोता
अली फार्का तूरेपासून करा. राय कूडरबरोबरचा ‘टॉकिंग टिंबक्टू’, १९९४. वाळवंटातला ब्लूज म्हणजे हाच, आणि बाकी सगळे त्याच झाडाच्या फांद्या.

हेमंत काका
अल्बम उत्तमच सुचवलात, पण अली फार्का तूरे नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचे, सोंघाई परंपरेतले. तिनारिवेन तुआरेग आहेत, म्हणजे सहारातल्या भटक्या जमातीचे. त्यांची भाषा, ताल आणि इतिहास वेगळा. दोघे मालीतले असले तरी एकाच झाडाचे म्हणता येणार नाही.

मृणाल, गिटारऐवजी आधी खालचा ताल ऐक. तुआरेग बायका तेंदे वाजवतात: लाकडी उखळावर बकऱ्याचं कातडं ताणून केलेला ढोल, जोडीला टाळ्या आणि समूहाचं गाणं. गिटार या तालावर नंतर येऊन बसली. अंगठ्याखाली जाड तार मोकळी वाजत राहते, तिचा सूर बदलत नाही, आणि वरच्या तारांवर मोजक्या स्वरांची छोटी फिरत चालते. कॉर्ड बदलण्याची वाट पाहत राहिलीस तर एकसारखंच वाटणार, कारण पुष्कळ गाण्यांत कॉर्ड जवळजवळ बदलतच नाहीत. बदलतं ते टाळ्यांचं वजन, आणि एकाने ओळ म्हटल्यावर बाकीचे ती कशी उचलतात ते.

म्हणून पहिला अल्बम ‘ले फिय द इलिगदाद’ घे, २०१६चा. नायजरमधल्या एका गावात उघड्यावर केलेलं रेकॉर्डिंग आहे. एका बाजूला फातू सेइदी गालीची गिटार, दुसऱ्या बाजूला लांबलचक तेंदे. आधी तेंदेची बाजू ऐक. मग तिची गिटार ऐकताना उजवा हात तोच ढोल वाजवतोय हे कळेल. त्यानंतर तिनारिवेनचा ‘रेडिओ तिस्दास सेशन्स’.

तबला_अमोल
म्हणजे हा आपला दादराच ना? मी सहा मात्रा धरून पाहिल्या, बऱ्याच गाण्यांत बसल्या.

हेमंत काका
मोजायला सहा मात्रा चालतील, पण दादऱ्याचं वजन धरलंत की फसाल. इथे एकाच वेळी दोनाची आणि तिनाची चाल सुरू असते आणि टाळी त्यांच्या मधे कुठेतरी पडते. ठेका न धरता नुसती टाळी देऊन बघा. टाळी सारखी मागे-पुढे होत असेल तर तुम्ही अजून समेवर येण्याची वाट पाहताय.

गिटार_शिकतोय
मी हे वाजवायचा प्रयत्न करतोय. प्लेक्ट्रमने जाड तार सतत वाजती ठेवता येत नाही. कुठली गिटार घ्यावी? १५ हजारांपर्यंत.

हेमंत काका
गिटार हातातली चालेल, प्लेक्ट्रम बाजूला ठेव. अंगठा खाली, तर्जनी वर. आधी नुसता अंगठा चालू ठेवून दुसऱ्याशी बोलता येतंय का बघ.

मृणाल_एस
आणि हे लोक जगासमोर आले कसे? फ्रेंच लोकांनी शोधले असं वाचलं.

हेमंत काका
बाहेरच्या जगापुरतं ते खरं आहे. तिनारिवेन सुरू करणारा इब्राहिम अग अलहबीब उत्तर मालीतल्या तेसालितचा. तुआरेगांच्या १९६३च्या बंडात वडील मारले गेले. पहिली गिटार त्याने डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून केली. पुढे अल्जीरियात तामानरासेतला साथीदार जमले, मग लिबियातल्या लष्करी छावण्या. कोरी कॅसेट घेऊन येणाऱ्याला ते गाणी फुकट रेकॉर्ड करून द्यायचे. त्या कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी असं करत गाणी सहाराभर पोचली. फ्रान्सच्या लोजो बँडशी ओळख नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. मग ब्रिटिश गिटारवादक जस्टिन अॅडम्सने किदालच्या रेडिओ केंद्रात, वीज असायची तेवढ्याच वेळात, ‘तिस्दास’ रेकॉर्ड केला. तो २००१ साली आला. तोवर तिथल्या एका पिढीला ही गाणी तोंडपाठ होती. त्यामुळे ‘शोध लागला’ हा शब्द मला पटत नाही.

सायली_पॅरिस
पण बाहेरच्या लेबलांमुळेच ते आपल्यापर्यंत आले ना? नायजरमधला तुआरेग गिटारवादक एमदू मोक्तार, त्याचा २००८चा पहिला अल्बम ‘अनार’ नायजेरियात सोकोटोला रेकॉर्ड झाला. गळ्यावर भरपूर ऑटोट्यून आहे. मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून तो पसरला आणि तिथूनच ‘सहेल साउंड्स’ लेबलच्या क्रिस्टोफर कर्कलीच्या कानावर पडला. मी इथे मोक्तारला प्रत्यक्ष ऐकलंय, गिटार अंगावर धावून येते. माझं मत: मृणालने त्याच्याच ‘इलाना’पासून सुरुवात करावी, २०१९. रॉक ऐकणाऱ्या कानाला तो लगेच पकडतो.

हेमंत काका
पकडतो, मान्य. पण त्यात ड्रम्स इतके पुढे आहेत की टाळी दबते. सुरुवातीला नको असं माझं मत कायम आहे. ‘अनार’ मात्र जरूर ऐकावा. तो परदेशी श्रोत्यासाठी केलेलाच नव्हता.

मृणाल_एस
आज तेंदेची बाजू लावली. पहिली काही मिनिटं फक्त टाळ्या मोजल्या, तीनदा चुकल्या. ‘इलाना’ शनिवारी ऐकते. सायली, ‘अनार’ आधी की ‘इलाना’?

सायली_पॅरिस
‘अनार’. इथे काकांशी सहमत.