डिग्री, रेडियन आणि इन्व्हर्सचं उत्तर: पटण्यासारख्या वाटलेल्या चुका इथे लिहा

सड्यावरून, रत्नागिरी

मी पदविकेच्या मुलांना सर्वेक्षण शिकवते. आपल्या बोर्डात दहावी-बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे सायंटिफिक कॅल्क्युलेटर बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा आमच्याकडेच येतो. रेडियन मोडमध्ये sin 30 केलं की -0.9880 येतं. ते उणे चिन्ह बघून मुलं स्वतःच थबकतात, त्या चुकीची मला फारशी काळजी नाही. पण त्याच मोडमध्ये sin 45 घेतलं तर 0.8509 येतं. खरं उत्तर 0.7071. दोन्हीत खटकण्यासारखं काहीच नाही, आणि अशी चूक थेट जागेवर जाऊन पोचते. कामात आलेले असे प्रसंग हवे आहेत, आकड्यांसकट.

कौलारू, कुडाळ

आमचा छपराच्या लोखंडी कैच्यांचा धंदा. एका घराचा अर्धा गाळा 3 मीटर, मधली उंची 1.20. आमच्याकडच्या मुलाने SHIFT tan दाबून 0.4 चा कोन काढला, आला 24.22. मग 3 भागिले cos 24.22 केलं, वाशाची लांबी 3.231 मीटर. मी टेप लावून बघितली, लांबी बरोबर! म्हणून कोनावर शंका घेतली नाही. त्याच कोनात वरचे काप मारले आणि कैची जमिनीवर जुळवायला घेतली, तर शेंड्याला दोन पाइप मिळेनात. 100 मिमीच्या पाइपला एका टोकाकडे आठ-नऊ मिमीची पाचर उघडी. कोन 21.80 हवा होता. स्क्रीनवर वर बारीक G दिसत होता, तो कशाचा हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मला आजही एक कळत नाही. कोन चुकला, तर त्याच कोनावरून काढलेली लांबी बरोबर कशी आली?

सड्यावरून, रत्नागिरी

मला हवा होता तो नेमका हाच प्रसंग. G म्हणजे ग्रेडियन. त्यात काटकोन 90 चा नाही, 100 चा. म्हणून तुमचे 21.80 अंश 0.9 ने भागून 24.22 झाले. तो कोन मुलाने त्याच मोडमध्ये परत cos मध्ये घातला, म्हणजे कॅल्क्युलेटरने जे दिलं ते त्यालाच परत मिळालं आणि चूक आपोआप फिटली. रेडियनवर असता तर कोन 0.3805 दिसला असता, लांबी तरीही 3.231 च आली असती. मोड कुठलाही असो, कोन यंत्राच्या आतल्या आत राहिला तर फरक पडत नाही. तो बाहेर पडून कापाच्या यंत्रावर गेला, किंवा नकाशावरचा कोन आत आला, की घोळ होतो. म्हणून लांबी टेपशी जुळली हा मोड बरोबर असल्याचा पुरावा धरता येत नाही.

अभ्यास चालू, अलिबाग

आमच्या क्लासमध्ये सोपी युक्ती सांगतात: पेपर सुरू करण्याआधी sin 90 करायचं, 1 आला की मोड बरोबर. मी हेच करते.

धक्का, हर्णै

अंशांचा विषय आहे म्हणून लिहितो. आमच्या होडीवरच्या जीपीएसला अंश आणि मिनिटं दिसतात. भावाने एक जागा फोनवर सांगितली, 16 अंश 59.5 मिनिटं. पुतण्याने नकाशात 16.595 टाकलं. जागा जवळजवळ 24 सागरी मैल दक्षिणेला गेली. यात sin-cos काहीच नाही, तरी घोळ तोच ना?

सड्यावरून, रत्नागिरी

मोडचा नाही, पण दुसरा घोळ तोच, आणि इन्व्हर्समध्ये तो रोज होतो. कौलारूंचं 21.80 म्हणजे 21 अंश 48 मिनिटं. कोणी 21 अंश 80 मिनिटं म्हटलं तर निदान लगेच सापडतं, कारण 80 मिनिटं असतच नाहीत. उत्तर 28.07 आलं तर मात्र ‘28 अंश 7 मिनिटं’ असं बेधडक लिहिलं जातं. अंशांचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की तेच उत्तर अंश-मिनिटं-सेकंदांत दिसतं, तेवढं करा.

अलिबागकरांना: ग्रेडियनमध्ये sin 90 ला 0.9877 येतं. पूर्ण दशांश दिसत असतील तर पकडाल. पण कोणी Fix 1 करून ठेवलं असेल तर स्क्रीनवर 1.0 दिसेल आणि तुम्ही पुढे जाल. त्यापेक्षा उलटं करा. SHIFT sin 1 दाबा. 90 आलं तर डिग्री, 1.57 रेडियन, 100 ग्रेडियन. मोड यंत्र स्वतःच सांगतं.

मोजणीवाला, मालवण

आता माझ्याकडचं. एका बागेच्या हद्दीत दोन खुणांचे सहनिर्देशक होते. पहिलीपासून दुसरी 80 मीटर पश्चिमेला आणि 150 मीटर उत्तरेला. अंतर बरोबर 170 मीटर. दिशा काढायला सोबतच्याने tan⁻¹(-80÷150) केलं, आलं -28.07. उणे कशाला म्हणून त्याने 180 मिळवले आणि 151.93 लिहिलं. यंत्र त्या दिशेला फिरवलं तर समोर दक्षिणेकडचा व्हाळ. खरी दिशा 331.93, म्हणजे 360 मिळवायचे होते. 80 पूर्वेला आणि 150 दक्षिणेला असतं तरी भागाकार तोच, -0.5333, आणि कॅल्क्युलेटरचं उत्तरही तेच. कुठली राशी उणी होती हे भागाकारानंतर त्याच्याकडे उरतच नाही, आणि tan⁻¹ तर उणे 90 ते 90 च्या बाहेर जातच नाही. व्हाळ होता म्हणून लगेच कळलं. सपाट सड्यावर असतो तर उलट्या बाजूला खूण रोवून आलो असतो.

आणि वर म्हटलेलं 28 अंश 7 मिनिटं याच कोनाचं धरलं, तर 170 मीटरवर खूण सुमारे 13 सेंमी सरकते. खरा कोन 28 अंश 4 मिनिटं आणि थोडे सेकंद. भाऊबंदकीच्या हद्दीत 13 सेंमीवरून काय होतं ते कोकणात सांगायला नको.

मी आता Pol वापरतो. Pol(150, -80) दिलं की अंतर आणि कोन दोन्ही येतात, उणे आला तर 360 मिळवायचे, बस्स. उत्तरेची राशी आधी द्यायची एवढं सांभाळा.

सड्यावरून, रत्नागिरी

Pol मी वर्गात पहिल्या सत्रात देत नाही. आधी चौकोनी कागदावर दोन्ही ठिपके काढून बाण कुठे जातो ते बघायला लावते. बाण वायव्येला असेल तर उत्तर 270 आणि 360 च्या मध्येच हवं.

मोजणीवाला, मालवण

कागद कबूल. पण पावसाळ्याआधी दिवसाला चाळीसेक रेषा असतात, तिथे प्रत्येकीचा ठिपका कोण काढणार? मी पहिल्या दिवसापासून Pol शिकवला असता.

कौलारू, कुडाळ

एक्सेलमध्ये काय करावं? मुलगा आता तिथेच करतो, मोडच नाही म्हणे.

मोजणीवाला, मालवण

मोड नाही कारण ते नेहमी रेडियनच धरतं. तुमच्या छपराला असं:

```
=DEGREES(ATAN(1.2/3))
```

21.80 येईल. दिशेसाठी ATAN2 आहे, पण एक्सेलमध्ये त्यात x आधी आणि y नंतर. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत y आधी असतो. शीट दुसऱ्याकडून घेतली असेल तर ठिपका माहीत असलेली एक रेषा घालून बघा.

अभ्यास चालू, अलिबाग

माझ्या फोनवर ‘Rad’ असं बटण दिसतं. म्हणजे आत्ता रेडियन चालू आहे, की दाबल्यावर रेडियन होणार?

धक्का, हर्णै

माझ्या फोनवर दाबल्यावर होतं. पुतण्याच्या फोनवर लिहिलेलं असतं तेच चालू असतं. तुम्ही sin⁻¹ 1 करून बघा.