तीन पेपरांत थोडक्यात हुकली ती नापास, एकात पाचने पडला तो पास?

तिरपी_रेघ: मुंबई विद्यापीठ, ७५:२५ चा पॅटर्न. थिअरीत ७५ पैकी ३० लागतात. भाचीला तीन पेपरांत २८, २७, २८, बाकी सगळे सुटले. ग्रेसचा एकही मार्क नाही. तिच्या वर्गातल्या एकाला एकाच पेपरात २५, तो मात्र पास. ही चूक की नियमच असा? आणि असा नियम पटतो का कुणाला?

गॅझेटवाला: नियमच असा. विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स, म्हणजे ओ. ५०४२-ए प्रमाणे ५१ ते १०० मार्कांच्या हेडला, म्हणजे वेगळं पास व्हावं लागतं अशा प्रत्येक भागाला, जास्तीत जास्त ३ मिळतात, पण सगळे मिळून परीक्षेच्या एकूण मार्कांच्या एक टक्क्याच्या आत. सेमिस्टर ६०० ची धरली तर ६. तिला लागतात २+३+२, म्हणजे सात. बरं, दोन पेपर सोडवून तिसऱ्याची केटी, असंही होत नाही. ग्रेस अख्खी परीक्षा सुटत असेल तरच. त्या मुलाला ५०४५-ए लागला, कंडोनेशन. एकच हेड गेलं असेल तर एकूणाचा एक टक्का किंवा त्या हेडचे दहा टक्के, यातलं जे कमी ते. इथे ६ आणि साडेसात, म्हणून ६. त्याला पाचच हवे होते.

शेवटचा_बाक: ग्रेस बंदच करा. ४० टक्केही पडत नाहीत आणि वर भीक मागायची! ३० ची रेघ २७ वर नेली की उद्या २६ वाला रडणार.

लाल_पेन: रडू द्या. गठ्ठे तपासते म्हणून सांगते, तोच पेपर दुसऱ्याकडे गेला तर दोन-तीन मार्क सहज इकडेतिकडे होतात. त्यासाठीच ग्रेस आहे. मी तर २८-२९ सहसा लिहितच नाही. पुन्हा पानं चाळते, कुठेतरी दोन सापडले तर ३०, नाहीतर सरळ २६. उगाच वाद नको.

गॅझेटवाला: मॅडम, तिथेच घोळ आहे. २८ ला दोन लागले असते. तुमच्या २६ ला चार लागतात आणि त्या हेडची मर्यादा ३. आणखी एखादा पेपर गेलेला असला तर कंडोनेशनही नाही. पोराच्या हातचा ग्रेस तुम्हीच काढून घेताय. आहेत तेवढे लिहा, पुढचं परीक्षा विभाग बघेल.

लाल_पेन: हं. पण लाल शाईत २९ लिहिणाऱ्याला पेपर तपासायच्या कॅपसेंटरवर काय ऐकावं लागतं ते तुम्हाला नाही माहीत.

डोंबिवलीकर_आई: आमच्या मुलाला दहावीला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ए ग्रेडचे ७ मिळाले होते. ते चालतील का हिला?

गॅझेटवाला: ताई, ते बोर्डाचे वाढीव गुण. इथे चालत नाहीत. विद्यापीठात एनएसएस, एनसीसीवाल्यांना ओ. २२९ खाली मिळतात, ते वेगळे.

शेवटचा_बाक: म्हणजे परेड केली की अकाउंट्स येतं! वा.

तिरपी_रेघ: हिशोब कळला, पटला नाही. ज्याला एक विषय मुळीच येत नाही तो पुढे, आणि जिला तिन्ही थोडे थोडे कमी आले ती तिन्ही पुन्हा देणार.

गॅझेटवाला: एकूण तूट तिची सात, त्याची पाच. नियम एवढंच बघतो. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरा, तिन्हीपैकी कुठेही एक वाढला तरी बेरीज सहावर येते आणि सगळंच सुटतं. मुदत मात्र आधी बघा.