‘माइलस्टोन’ला टप्पा म्हणावं की मैलाचा दगड? (आणि ‘डिपेंडन्सी’ला काय?)

शाईदौत
आम्ही दोघी मिळून छोट्या कंपन्यांच्या वेबसाइट करतो. आताचा क्लायंट पाण्याचे पंप बनवणारा आहे. काका साठीचे, सगळा व्यवहार मराठीत. सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्यांना मराठीत करून दिलं आणि तिथेच घोळ झाला. माइलस्टोनला ‘टप्पा’ लिहिलं, क्लायंट डिपेंडन्सीला ‘ग्राहकावरील अवलंबित्व’ आणि रिव्ह्यूला ‘आढावा’. काकांचा फोन आला, “ताई, तुम्ही आमच्यावर अवलंबून कशा? पैसे तर आम्ही तुम्हाला देतोय.” चांगले शब्द सुचवा.

अर्धविराम
‘टप्पा’ चूकच आहे. टप्पा म्हणजे अंतर. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा 6 किलोमीटरचा असतो. माइलस्टोनला लांबी नसते, तो रस्त्याकडेचा दगड. म्हणून सरळ ‘मैलाचा दगड’ लिहा. शब्दशः जुळतो.

कारकून
पहिला अर्धा भाग अगदी बरोबर. वेळापत्रकात माइलस्टोनचा कालावधी शून्य दिवस धरतात, तो फक्त एक क्षण असतो. ‘डिझाइन’ हे आठवडाभराचं काम, म्हणजे टप्पा. ‘डिझाइन मंजूर झालं’ हा माइलस्टोन. पण ‘मैलाचा दगड’ मराठीत आता फक्त मोठ्या पराक्रमाला लागतो. पंपवाल्या काकांनी मुख्य पानाचा रंग पसंत केला, हा काही त्यांच्या आयुष्यातला मैलाचा दगड नव्हे.

वाळू-सिमेंट
आमच्या साइटवर असला प्रश्नच येत नाही. जोतं झालं, पहिला स्लॅब पडला, प्लास्टर उरकलं. तेवढं म्हटलं की मालकाला कळतं चेक काढायचाय. त्याला एकत्रित नाव काय, हे कधी कुणी विचारलं नाही. बाकी वेबसाइटला सहा आठवडे? माझ्या भाच्याने दोन दिवसांत केली होती.

शाईदौत
भाच्याकडे मजकूर आणि फोटो तयार असतील. 🙂 पण ‘स्लॅब पडला’ फार आवडलं. म्हणजे नामाऐवजी झालेलं क्रियापद लिहायचं. माझ्या कागदावर ‘टप्पा 3 : मजकूर’ होतं. त्यातून मजकूर सुरू होणार, चालू राहणार की संपणार, काहीच कळत नाही. आता ‘सगळा मजकूर हातात आला’ असं लिहिते.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे अजून एक गंमत. मी एकाला ‘सहा हप्त्यांत काम’ असं लिहून दिलं. आमच्या इकडे हप्ता म्हणजे आठवडासुद्धा. समोरचा पुण्याचा. त्याला वाटलं पैसे सहा हप्त्यांत द्यायचे. काम झाल्यावर म्हणे, अजून चार हप्ते बाकी आहेत.

कारकून
😀 आणि ‘आठ दिवस’? आपण आठ दिवसांत देतो म्हणतो तेव्हा आठवडा म्हणायचा असतो, पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. त्यात रविवार धरायचा की नाही, हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. सहा आठवडे म्हणजे कॅलेंडरचे 42 दिवस, पाच दिवसांच्या आठवड्याने कामाचे 30. शाईदौत, काका कारखान्यात शनिवारी काम करत असतील तर त्यांचे 36 होतात. ‘कामाचे दिवस’ कुणाचे, हे लिहिलं होतं का?

शाईदौत
नव्हतं. तुमची शंका खरी ठरली. मूळ वेळापत्रक असं होतं : पहिल्या आठवड्यात पानांची यादी ठरवायची, दुसऱ्यात डिझाइन, तिसऱ्यात बांधणी सुरू. तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे कामाच्या 15व्या दिवशी, काकांकडून पंपांची माहिती आणि फोटो येणार. चौथ्यात ते भरायचे, पाचव्यात आमची तपासणी आणि काकांचं पाहणं, सहाव्यातल्या बुधवारी, 28व्या दिवशी, साइट सुरू. दोन दिवस हाताशी राखून. काका म्हणाले, “फोटो आठ-पंधरा दिवसांत देतो.” आले 21व्या दिवशी.

कारकून
म्हणजे सहा दिवस उशीर. भरणं, तपासणं, पाहणं ही कामं एकामागून एक असल्यामुळे सुरू होणंही सहा दिवस सरकलं, 28 चं 34, सातव्या आठवड्यातला गुरुवार. राखलेल्या दोन दिवसांनी दोन दिवसांचाच उशीर पचला असता. आता सांगा, ‘अवलंबित्व’ या शब्दातून काकांना हे कळलं असतं का? त्यात कोण कुणासाठी थांबलंय ते दिसतच नाही.

अर्धविराम
मग ‘येणे’ लिहा. हिशेबातला शब्द आहे, येणे-देणे. ‘ग्राहकाकडून येणे : फोटो, लोगो’. व्यापारी माणसाला लगेच उमगेल.

वऱ्हाडी ठेचा
उमगेल, पण पैशांचंच उमगेल. ‘येणे’ वाचून काका म्हणतील बिल दिलंय की.

शाईदौत
मला वाटतं शब्दच नको. रकान्याला ‘तुमच्याकडून काय, कोणत्या वारापर्यंत’ आणि शेजारी ‘नाही आलं तर काय थांबेल’. दुसरा रकाना लिहिला असता तर काकांनी फोटोग्राफर लवकर बोलावला असता. खरं तर त्यांचा फोटोग्राफर तयार होता, फक्त पंपांना रंग द्यायचा राहिला होता. ते आधी सांगितलं असतं तर आम्ही मजकूर आधी भरला असता. दोन्ही एकाच ओळीत लिहिल्यामुळे दोन्ही एकत्रच अडले.

याच यादीत ‘डोमेन हस्तांतरण’ असंही लिहिलं होतं. ते बरोबर आहे ना?

कारकून
तो शब्द लगेच खोडा. हस्तांतरण म्हणजे डोमेन एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे नेणं. .com नवीन घेतलं असेल किंवा नुकतंच हलवलं असेल तर 60 दिवस ते हलत नाही, आणि तुमचं अख्खं काम 42 दिवसांचं. तुम्हाला हवा आहे फक्त डीएनएस, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदी, बदलायचा ‘प्रवेश’. साइट सुरू करायच्या दिवशी एक नोंद बदलायची. आदल्या दिवशी तिचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवली जाते तो आकडा, 300 वर आणून ठेवा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना दिसू लागतो. 86400 असेल तर काहींना दिवसभर जुनी साइट दिसत राहते. आणि या सगळ्या नोंदी जिथे असतात ते नेमसर्व्हर सरसकट बदलू नका. काकांचे ईमेल त्याच डोमेनवर असतील आणि तिथली मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्स नोंद नव्या जागी नेली नाही, तर येणारे मेल बंद.

शाईदौत
बापरे. ‘हस्तांतरण’ वाचून काकांनी जुन्या माणसाला फोन केला होता आणि तो भडकला होता, डोमेन काढून घेताय म्हणून. आता कळलं का.

वाळू-सिमेंट
‘आढाव्या’चं राहिलं की.

कारकून
आढावा बैठकीत माहिती घेतली जाते, निर्णय होतोच असं नाही. पेपरात ‘मंत्र्यांनी आढावा घेतला’ वाचतो तेव्हा पुढे काय ठरलं हे क्वचितच कळतं. काकांनीही तेच केलं असणार.

शाईदौत
अगदी. डिझाइन पाहून “छान आहे, बघू या” म्हणाले. आम्ही ते मान्य समजून बांधणी सुरू केली. पाचव्या आठवड्यात मुलगी सुट्टीला आली, तिला मांडणी आवडली नाही. परत दोन दिवस गेले.

अर्धविराम
‘मंजुरी’ लिहा मग. किंवा ‘पसंती’, लग्नासारखं.

वऱ्हाडी ठेचा
पसंती नको, पसंतीनंतरही लग्नं मोडतात.

कारकून
‘मंजुरी’ ठीक, पण कुणाची ते नावानिशी लिहा आणि किती दिवसांत तेही. तीन कामाचे दिवस पुरतात. ‘तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर समजू’ असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. ओळखीच्या माणसाशी असं कागदावर बोलणं मराठीत धमकीसारखं वाटतं.

शाईदौत
मी लिहिणार आहे. फक्त ‘समजू’ऐवजी ‘धरून पुढे जाऊ’ म्हणेन. आणि माइलस्टोनचा रकाना ‘काय झालं’ या नावाने.

अर्धविराम
‘काय झालं’ वाचून काका घाबरतील.