रुजू होण्याआधी नव्या सरांना मेसेज टाकू का? आणि त्यात काय विचारू?

गेजवाला
पुढच्या सोमवारी चाकणच्या एका अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून रुजू होतोय. आजवरची चार वर्षं प्रेस शॉपमध्ये गेली. पत्रा, बर आणि स्प्रिंगबॅक, एवढंच माझं जग. ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या सरांना असा मेसेज लिहिलाय:

"आदरणीय सर, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्याने मी अत्यंत उत्साही आहे. पहिल्या आठवड्यासाठी काय तयारी करू? शक्य असल्यास कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग आणि गेल्या सहा महिन्यांच्या कस्टमर कंप्लेंट पाठवाव्यात, वाचून येतो."

पाठवू का?

सातारी_कंदी
अजिबात नको. जे काही विचारायचं ते एचआरला विचारायचं. जॉइन व्हायच्या आधी साहेबाला मेसेज म्हणजे चमचेगिरी वाटते.

पिंपळे_सौदागर
पगाराचं आत्ताच बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. मी नोटीस पिरियडचे पैसे भरून निघालो होतो, नव्या कंपनीने अजून दिलेले नाहीत.

गेजवाला
दादा, पगाराचं सगळं ठरलंय. प्रश्न मेसेजचा आहे.

भट्टीजवळचा
मी डायकास्टिंगमध्ये बरीच वर्षं आहे, असे मेसेज मला येतात. एचआर तुम्हाला कागदपत्रं आणि गेटपासचं सांगेल. लाइनवर सध्या काय पेटलंय, ते फक्त तुमच्या सरांना माहीत असतं. त्यामुळे मेसेज जरूर करा, पण हा नको.

"काय तयारी करू" याचं उत्तर द्यायला समोरच्याला बसून विचार करावा लागतो. तो वेळ नसतो, मग "वेलकम, सोमवारी भेटू" एवढंच येतं. दुसरं म्हणजे ड्रॉइंग कस्टमरचं असतं. तुम्ही अजून आमच्या हजेरीपटावर नाही, आम्ही ते बाहेर कसं पाठवणार? कंप्लेंट तर त्याहून नाजूक. मागितल्यात की समोरचा अवघडतो.

इंटरव्ह्यूच्या दिवशी शॉप फ्लोअरवर फिरवलं होतं का? काय दाखवलं?

गेजवाला
हो. पंप हाउसिंगची लीक टेस्ट. रिजेक्ट पार्टची लाल ट्रॉली भरलेली होती. सर म्हणाले, "हे सगळं मशिनिंग झाल्यावर गळतंय."

भट्टीजवळचा
मग तेच लिहा. अत्यंत उत्साही आहे हे शब्दांनी सांगावं लागत नाही, ती ट्रॉली तुमच्या लक्षात राहिली यातच ते येतं. आणि प्रश्न असा हवा की दोनातला एक पर्याय सांगून मोकळं होता येईल.

गेजवाला
असं चालेल?

"नमस्कार सर, मी सोमवारी क्वालिटीला जॉइन होतोय. तुम्ही दाखवलेली पंप हाउसिंगची ट्रॉली तेव्हापासून डोक्यात आहे. माझं काम प्रेस शॉपचं, कास्टिंग मला नवीन आहे. येईपर्यंत पोरोसिटीबद्दल वाचू, की मशिनिंगकडची मोजमापं आधी पक्की करू? सेफ्टी शूज सोबत आणायचे का? सवडीने सांगितलंत तरी चालेल."

भट्टीजवळचा
आता पाठवा. रविवारी रात्री मात्र नको.

सातारी_कंदी
हा बरा आहे. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मेलवर.

भट्टीजवळचा
शॉप फ्लोअरवरचा माणूस मेल संध्याकाळी उघडतो. ज्यावर इंटरव्ह्यूची वेळ ठरली होती, त्यावरच टाका.

गेजवाला
व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, दोन तासांत उत्तर आलं: "पोरोसिटी. शूज स्टोअरमधून मिळतील, साइज कळवा. पहिले तीन दिवस त्या ट्रॉलीजवळच उभे राहा." आता तिथे उभं राहून बघायचं काय?

भट्टीजवळचा
कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, पोरोसिटीची भोकं आत दडलेली असतात. मशिनिंगने कातडी निघाली की ती उघडी पडतात, म्हणून सरांना गळती तिथे दिसते. चूक मात्र बहुतेक वेळा आधीच, डायमध्ये झालेली असते.

आधी पार्टवरचा कॅव्हिटी नंबर बघा, म्हणजे डायमधल्या कोणत्या साच्यातून तो निघाला ते कळतं. दोन कॅव्हिटीची डाय असेल आणि ट्रॉलीतले बहुतेक पार्ट एकाच नंबरचे निघाले, तर शोध निम्मा झाला. मग भोक भिंगाखाली धरा. गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर हवा किंवा वायू अडकलाय: हवा बाहेर जायचे व्हेंट बुजलेत का, डायवर स्प्रे जास्त होतोय का, ते बघायचं. वेडंवाकडं, खरबरीत असेल तर धातू आकसलाय, तेही बहुधा जाड भागात. पण टूलने भोकाची कड ओढली गेली की नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. खात्री करायची तर पार्ट कापून बघावा लागतो. आणि पहिल्या आठवड्यात निदान करायला जाऊ नका, वहीत नुसत्या मोजणीच्या रेघा ओढा.

पिंपळे_सौदागर
रात्रपाळीला पण जा. आमच्याकडे रात्रीचं रिजेक्शन सकाळच्या ट्रॉलीत मिसळायचं.

भट्टीजवळचा
पहिल्याच आठवड्यात रात्री गेलात तर ऑपरेटरना वाटेल, पाळत ठेवायला आलाय. मी नसतो गेलो. पण यांचं म्हणणंही खोटं नाही.

गेजवाला
ते सरांनाच विचारतो, सोमवारी समोर. तूर्तास आठ नंबरचे शूज कळवलेत.