हक्क ‘स्थगित’ होतात की ‘निलंबित’?

देवगडकर: घटनात्मक कायद्याच्या परीक्षेसाठी आणीबाणीवर टीप लिहिताना मी ‘कलम 359 नुसार मूलभूत हक्क स्थगित होतात’ असे वाक्य लिहिले. सरांनी ‘स्थगित’ खोडून ‘निलंबित’ केले, पण कारण सांगितले नाही. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे का?

रत्नागिरीकर: ‘निलंबित’च योग्य आहे. माझे वडील सरकारी नोकरीत असताना काही महिने निलंबित होते. त्या काळात हजेरी लावता येत नव्हती, पण निर्वाह भत्ता मिळत होता आणि नोकरीही गेली नव्हती. हक्काचेही तसेच समजावे.

मालवणकर: दोन्ही शब्द जड आहेत. आमच्याकडे कोरम नसला की ग्रामसभा ‘तहकूब’ होते, हे सर्वांना कळते. तो शब्द फारसी-अरबी वळणाचा आहे म्हणून वाळीत का टाकायचा?

वेंगुर्लेकर: देवगडकर, तुमच्या वाक्यात क्रियापदापेक्षा कर्ता अधिक चुकला आहे. कलम 359 खाली राष्ट्रपतींच्या आदेशात जे हक्क नमूद असतील, त्यांच्या बजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क थांबतो. होडी तुमचीच राहते, बंदर बंद होते. 27 जून 1975 च्या आदेशात कलमे 14, 21 आणि 22 नमूद होती. स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांत अर्ज केले, तेव्हा ते अर्ज चालूच शकत नाहीत, अशी सरकारची भूमिका होती. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चार विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले.

चिपळूणकर: पण 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने हा धोका संपला. आता आणीबाणी कोणतीही असो, फक्त कलम 19 आपोआप बाजूला पडते.

वेंगुर्लेकर: अर्धे बरोबर आहे. कलमे 20 आणि 21 यांच्या बजावणीचा मार्ग आता बंद करता येत नाही, पण बाकीच्या हक्कांबाबत आदेश आजही काढता येतो. कलम 19 बाजूला पडते ते कलम 358 मुळे, वेगळ्या आदेशाविना, आणि तेही फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमण हे कारण असेल तर. सशस्त्र उठावाच्या कारणाने घोषणा झाली तर कलम 358 लागूच होत नाही. परीक्षक नेमके हेच तपासतात.

देवगडकर: मग मी ‘न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क निलंबित होतो’ असे लिहिते.

मालवणकर: निलंबनामागे कोणाचा तरी दोष किंवा निदान संशय असतो, हे रत्नागिरीकरांनाही मान्य असेल. नागरिकाने कोणता दोष केला आहे?

रत्नागिरीकर: माझ्या वडिलांनीही केला नव्हता.

वेंगुर्लेकर: आक्षेप रास्त आहे. पण ‘स्थगिती’ म्हटले की वाचकाला न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम आठवतो, आणि इथे तर न्यायालयाचेच दार बंद झालेले असते.

मालवणकर: ‘तहकूब’ या शब्दात या दोन्हीपैकी एकही अडचण नाही.